मेलचा सर्व्हर आणि माझा भागीदार

लातूरच्या त्या कोचिंग क्लासचं काम आलं तेव्हा मी म्हणाले होते, आपण मेलकाऊ हे मेलचं तयार सॉफ्टवेअर टाकू. हे आजही मला स्पष्ट आठवतं, कारण पुढे नेमकं याच्या उलट सांगितलं गेलं.

आम्ही दोघं नांदेडच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजचे. तो लातूरचा, घरचं दुकान मार्केट यार्डाजवळ. मी भोकरची, वडील तहसीलमध्ये कारकून. कॉलेज संपल्यावर पुण्याला न जाता इथंच काम करायचं ठरवलेले वर्गात आम्ही दोघंच. मी नांदेडहून सर्व्हर सांभाळायची, तो लातूरला गिऱ्हाईक सांभाळायचा. पहिलं मोठं काम हे क्लासचं. शिक्षक, ऑफिस, वसतिगृह, सगळ्यांचे मेल स्वतःच्या डोमेनवर हवे होते.

मेलचा सर्व्हर उभा करायचे दोन रस्ते असतात. लग्नाचं उदाहरण देते. आचारी, मांडव, बँड, भांडी हे सगळं स्वतः वेगवेगळं ठरवायचं, नाहीतर एकाच ठेकेदाराला द्यायचं. मेलमध्येही पत्रांची ने-आण पोस्टफिक्स करतो, पेट्या डव्हकॉट सांभाळतो, कचरा आरस्पॅमडी अडवतो, वेबमेल आणखी वेगळं. हे हातानं जोडता येतं. मेलकाऊमध्ये तेच सगळं डॉकरच्या डब्यांत, म्हणजे एकेक प्रोग्राम वेगळा बंद करून ठेवलेल्या खोक्यांत, आधीच जोडलेलं मिळतं, वर पासवर्ड बदलायला, पेटी उघडायला एक सोपं पान. नवीन आवृत्ती आली की एक अपडेट स्क्रिप्ट चालवायची.

"पुढं ते बदलायला आपल्यालाच सोपं जाईल," मी म्हणाले.

आम्ही लातूरला चहाच्या टपरीवर बसलो होतो. तो हसला. "डब्यात काय चाललंय ते दिसत न्हाई. आन् त्याला सहा जीबी मेमरी लागते, आपली मशीन दोन जीबीची. तू हातानं कर. तुला लई चांगलं येतंय. आपली वळख त्यातच हाय."

मेमरीचा मुद्दा खरा होता. पण मला पटवलं ते शेवटच्या वाक्यानं.

मग मी हातानं केलं. पोस्टफिक्स, डव्हकॉट, मेल आपलाच आहे हे पटवणाऱ्या सह्यांच्या चाव्या, स्पॅमचे नियम. कुठली ओळ का आहे ते मी प्रत्येक ओळीवर मराठीत लिहून ठेवलं, त्याला कळावं म्हणून. तसा तो वाचायचाही. ऑफिसचं निकालाचं जुनं सॉफ्टवेअर पासवर्डशिवाय मेल पाठवायचं. ऑफिसच्या एका इंटरनेट पत्त्याला तेवढी परवानगी कशी द्यायची, हे मी त्याला शेजारी बसवून दाखवलं होतं.

रोजची देखभाल फार नव्हती. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन; तिचे सुरक्षा अपडेट येत, मी लावत असे. खरा प्रश्न येतो तो मोठ्या आवृत्तीला. नव्या डेबियनबरोबर डव्हकॉटची नवी पिढी आली आणि तिला जुनी मांडणी चालेना. पेट्या कुठं आहेत, पासवर्ड कसे तपासायचे, सुरक्षा प्रमाणपत्राची फाईल कुठं आहे, सगळं नव्या भाषेत लिहायचं. आपोआप बदलून देणारं काही नव्हतं. मी वेगळ्या मशीनवर प्रत उभी केली आणि ओळ न् ओळ लिहीत गेले. अडकले की त्याला फोन करायची.

"व्हईल व्हईल," तो म्हणायचा. "घाई न्हाई. तू नीट कर."

एका रविवारी सकाळी तयारी झाली. बदल लावण्याआधी चालू सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला, आणि तो शांत होता. एरवी रविवारी परीक्षेचे मेल सतत येतात. मला वाटलं सर्व्हर बंद पडला. सेवा तर सगळ्या चालू. मग डोमेनचा एमएक्स तपासला, म्हणजे मेल कुठे जायचे हे जगाला सांगणारी नोंद. तिथं वेगळंच नाव होतं. ते ब्राउझरमध्ये उघडलं तर मेलकाऊचं लॉगिनचं पान.

मी मागचा लॉग चाळला. प्रत्येक पेटीत एकाच अनोळखी पत्त्यावरून, एकाच मास्टर पासवर्डनं लॉगिन झालेलं होतं. पेट्या एकेक करून नवीकडे नेल्या होत्या. तो पासवर्ड आम्ही दोघांनी मिळून ठेवला होता. एकाला काही झालं तर दुसऱ्यानं सांभाळावं म्हणून.

मी त्याला फोन केला नाही. सोमवारी सकाळच्या एसटीनं लातूरला गेले, सरळ क्लासच्या संचालक सरांकडे. सर चांगले माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, तुमच्यावर राग न्हाई," ते म्हणाले. "पण तुमच्या भागीदारांनी सांगितलं, तुम्ही सिस्टीम मुद्दाम अशी गुंतवून ठेवली की तुमच्याशिवाय कुणाला हात लावता येऊ नये. ते म्हणे पहिल्यापासून सोपं करू म्हणत होते, तुम्हीच ऐकेनात. आता अपडेटला तुम्ही इतका वेळ लावून राहिलात. त्यांनी मोठी मशीन घेऊन दोन दिवसांत करून दिलं. काम आता त्यांच्या एकट्याच्या नावावर हाय."

सहा जीबीचं, टपरीचं सांगावंसं वाटलं, पण सांगून ते भांडणासारखं दिसलं असतं. मी एवढंच म्हणाले, "सर, प्रत्येक ओळीचा अर्थ मी मराठीत लिहून ठेवलाय. गुंतवणारा माणूस असं करत न्हाई."

चहा संपवून मी उठले.

तो मला जिन्यात भेटला. वर येत होता.

"अगं, सांगणारच होतो," तो म्हणाला. "तूच तर पहिल्यांदा मेलकाऊ म्हणालीस ना?"

"म्हणूनच इचारतेय. मग माझं नाव पुढं का केलंस?"

"सरांना काहीतरी कारण द्यावं लागतं."

एवढंच. आठ वर्षांच्या ओळखीचं उत्तर. मी खाली उतरले आणि ऑटो केला.

खरं सांगायचं तर मेलकाऊ छान चाललं. हेच जास्त लागलं. मेल अडत नव्हते, वसतिगृहाची बाई स्वतःच पासवर्ड बदलायला शिकली. मी खोड काढायला बसले असते तर एक सापडली नसती. नव्या डव्हकॉटची मी लिहिलेली मांडणी तशीच चाचणीच्या मशीनवर राहिली. नंतर मी ती मशीन बंद केली.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. अपडेट स्क्रिप्ट चालवल्यापासून निकालाचे मेल जात नव्हते, सर्व्हर रिले, म्हणजे ते मेल पुढं पाठवणं, नाकारत होता. आवाज नेहमीसारखा, जणू मधे काही घडलंच नाही.

"परवानगीची ओळ कुठं लिहिलीस?" मी विचारलं.

"पोस्टफिक्सच्या मुख्य फायलीत. अगदी शेवटी."

"डबा नव्यानं सुरू झाला की तिथलं शेवटचं पुसलं जातं. आपलं वेगळं एक्स्ट्रा डॉट सीएफ या फायलीत लिहायचं असतं. आधीचे पत्ते ठेवून तुझा पत्ता जोड, मग पोस्टफिक्सचा डबा परत चालू कर."

त्यानं केलं. मेल गेले. "लई उपकार झाले," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "परत मिळून काही करू का?"

"न्हाई," मी म्हणाले.

सध्या नांदेडच्या एका दवाखान्याचं काम माझ्याकडे आहे. तिथं मी मेलकाऊच टाकलंय, पुरेशी मेमरी घेऊन. अपडेटच्या आधी काय बदललंय ते वाचते, बॅकअप घेते, मग स्क्रिप्ट चालवते. थोड्या वेळात होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, दुसरं कुणी मदतीला घेत नाही का? मी म्हटलं, बघू. मुख्य पासवर्ड मात्र त्यांच्याच हातात दिला, त्यांच्याकडूनच टाइप करून घेतला, आणि तो कशाकशाला उघडतो ते सगळं सांगितलं.