गुडघा किती वर्षांपासून दुखतोय

मंचरच्या हाडांच्या दवाखान्यात नंबर लावला, तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं, पेशंटची माहिती व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, डॉक्टर आधी वाचून ठेवतात. मी शाळेत मुलांना अर्ज लिहायला शिकवते. म्हटलं, हा तर डाव्या हातचा मळ. आदल्याच दिवशी आहुप्याहून एसटीने आलेली आई समोर पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. तिला एक शब्द न विचारता मी लिहिलं: ‘आई, वय अडुसष्ट. उजवा गुडघा. दोन वर्षांपासून दुखतो.’

पाठवायच्या आधी सहज वाचून दाखवलं, कौतुकासाठीच म्हणा ना.

“दोन कशानं?” आई म्हणाली. “तुझ्या पोरीला न्हाऊ घालत व्हते, तवापासनं हाय.”

माझी पोरगी आता सहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात मी आईला लंगडताना पाहिलं, म्हणून माझ्या लेखी दुखणं तिथून सुरू झालं.

बाळंतपणात आईच रोज बाळाला न्हाऊ घालायची, पाटावर बसून, पाय लांब करून, बाळ नडग्यांवर पालथं घालून. झालं की म्हणायची, “तू पोरीला घेऊन व्हय म्होरं, मी येते.” मला वाटायचं, न्हाणीघर धुऊन येत असेल. नळाला धरून उठत होती, हे तिने आत्ता वाटाणे सोलता सोलता सांगितलं. एवढी मी शहाणी.

मी ‘दोन’ खोडून ‘अकरा’ केलं. मग एकेक विचारत गेले आणि ती सांगत गेली. दुखतात दोन्ही, उजवा जास्त. सकाळी उठल्यावर थोडा वेळ आखडतात. उतार उतरताना लई कळ येते. भातलावणीला वाकता येतं, खाली बसता येत नाही, म्हणून घरात खुर्चीचा संडास केलाय. हा खर्च कशाला, असं मी तेव्हा बोलले होते. दुखलं की मेडिकलमधली गोळी. नाव माहीत नाही, रिकामं पाकीट पिशवीत आहे. बीपीची गोळी चालू. साखर कधी तपासलीच नाही.

सगळं लिहून पाठवलं. थोड्या वेळाने दवाखान्यातून उत्तर आलं: ‘गोळीचं पाकीट सोबत आणा. याआधी कुणाला दाखवलं होतं का?’

मी आईला विचारलं.

“दाखवला व्हता की,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“तुला. पोरीच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी. सुजला व्हता. तू म्हणालीस, वय झालं की दुखायचंच.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी रडले, तर तिने माझ्याकडे वाटाण्यांचं ताट सरकवलं आणि म्हणाली, “लिव्ह की. ती बाई वाट बघत आसंल.”

मी लिहिलं, ‘नाही.’