दोनदा भरलेला मेंटेनन्स

एप्रिलमधली गोष्ट. मुलाचा पुण्याहून फोन आला. "आई, मेंटेनन्स भरला नव्हतास होय? खजिनदारांचा फोन आलता. मी आत्ताच पैसे ट्रान्सफर केले."

माझं डोकंच फिरलं. तीन महिन्यांचा मेंटेनन्स मी आठवड्यापूर्वीच सोसायटीच्या खात्यावर पाठवला होता, माझ्या मोबाइलवरून, माझ्या पेन्शनमधून. आणि थकबाकी विचारायला खजिनदारांना पुण्याचा नंबर सापडला? मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते की!

तशीच चप्पल घालून त्यांच्या दारात गेले. खजिनदार म्हणजे स्पेअर पार्टचं दुकान चालवणारे गृहस्थ, मनानं वाईट न्हाईत, पण घाईचे. त्यांनी बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि बोट ठेवलं. माझी रक्कम होती. तिच्यापुढं त्यांनी पेनानं लिहिलं होतं, 'कोणाची, माहीत नाही'.

"काकू, हे नाव तुमचं होय?"

चौदा वर्षं त्या बिल्डिंगमध्ये राहून मला हे ऐकावं लागलं. मी सरांच्या काकू. माझे मिस्टर हायस्कूलला शिक्षक होते, ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी मी सरांच्याच काकू. ट्रान्सफर करताना फ्लॅट नंबर टाकायचा मी विसरले, ती चूक माझी, कबूल. पण नाव तर स्वच्छ होतं.

"मग आता दोन्ही जमा झालेत. एक पुढच्या बिलात वळते करा," मी म्हणाले.

"करू की. तसं पत्र द्या. मुलाची सही घेऊन द्या म्हणजे झालं."

"मुलाची का?"

"आता सर न्हाईत, मग मुलगाच की."

हे ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. गारगोटीच्या सरकारी दवाखान्यात मी तीस वर्षं नर्स होते. माझ्या फंडाच्या पैशातून हा फ्लॅट घेतला. करारनामा माझा, शेअर सर्टिफिकेट माझं. बिलावर मात्र पहिल्या दिवसापासून सरांचं नाव, कारण पहिल्या कमिटीतल्या कुणीतरी ते तसं लिहिलं आणि पुढच्या सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, सही करून पाठवतो ना, कशाला वाद घालतेस?" मी म्हटलं, "तू सही करायची न्हाई. केलीस तर घरी येऊ नकोस." "बरं, न्हाई करत," म्हणाला बिचारा.

पत्र मी स्वतः लिहिलं, पेशंटचे रिपोर्ट लिहायचे तसं, एक शब्द जास्त नाही:

'माननीय खजिनदार यांस, मी या फ्लॅटची मालक आणि सोसायटीची सभासद आहे. एप्रिल ते जूनचा मेंटेनन्स मी माझ्या खात्यातून भरला आहे. आपण माझ्याकडे चौकशी न करता माझ्या मुलाला फोन केलात, त्यामुळे त्यानेही तीच रक्कम भरली. जादा जमा झालेली रक्कम जुलै ते सप्टेंबरच्या बिलात वळती करावी व पावती माझ्या नावाने द्यावी. त्या रकमेस मुलाची हरकत नाही, हवे तर त्याला विचारावे. मात्र सही माझीच राहील.'

सोबत दोन्ही ट्रान्सफरचे तपशील आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडली. दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' म्हणून त्यांची सही घेतल्याशिवाय दारातून हलले नाही.

रविवारी पार्किंगमध्ये कमिटीची मीटिंग बसली. मी कमिटीत नाही, तरी खुर्ची घेऊन बसले. खजिनदारांनी पत्र वाचलं. 'माझ्या मुलाला फोन केलात' इथं आले आणि थोडं अडखळले. कुणीतरी हसत म्हणालं, "काकू, एवढ्याशा गोष्टीला एवढं मोठं पत्र?"

"एवढीशी गोष्ट असेल तर करून टाका की! चौदा वर्षं कशाला लागली?" मी म्हणाले.

खजिनदारांनी सर्टिफिकेटची झेरॉक्स उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "काकू, चुकलंच आमचं." रजिस्टरमध्ये सभासद मीच होते, नुसती बिलांची यादी चुकीची होती. ती दुरुस्त करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

जुलैचं बिल आलं. मागील जादा जमा वजा, देय रक्कम शून्य. आणि वर माझं नाव, अख्खं, माझ्या घराच्या बिलावर पहिल्यांदाच.

ते बघून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण सरांचं नाव तिथून गेलं, याचं वाईटही वाटलं. त्यांच्या फोटोपुढं बिल धरून उभी राहिले. ते असते तर म्हणाले असते, "अगं, चौदा वर्षं गप्प का बसलीस?"

आणि मी म्हणाले असते, "प्रत्येक बिल तुम्हीच हातात घेत होतात. तुम्ही का गप्प बसलात?"