आडवा मेनू

स्क्रीन बसवणाऱ्याला बाजारात सगळे ‘वादळराव’ म्हणत. हात चपळ, पण डोकं हातांच्या चार पावलं मागे. मेनूची चित्रं त्याची बायको घरी संगणकावर करायची. मागच्या कामात त्याने स्क्रीन उभा टांगला, पण स्क्रीनला चित्र पुरवणाऱ्या प्लेअरमध्ये ते फिरवायचं विसरला आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या बायकोने. आज निघताना तिने स्पष्ट सांगितलं होतं, “पुन्हा असा फोन आला ना, तर तुमच्यासाठी मेनू करणं बंद. दुसऱ्यांचं काम घेईन.”

म्हणून कँटीनमध्ये आल्या आल्या त्याने प्लेअरच्या सेटिंगमध्ये नव्वद अंश टाकले. मग स्क्रीन उभा टांगून मेनूचा पेन ड्राइव्ह लावला.

उंच स्क्रीनच्या मधोमध आडवी पट्टी उमटली. वर काळं, खाली काळं, आणि पट्टीतला मेनू कुशीवर झोपलेला.

“मान मोडून वाचायचं का आम्ही?” कँटीनवाल्या काकू म्हणाल्या.

त्याने दोनशे सत्तर केले. मेनूने कूस बदलली, इतकंच. पुन्हा नव्वद. शून्याचा विचारही नाही. शून्य आडव्या स्क्रीनला, हे डोक्यात पक्कं. घाम फुटला.

“वहिनींना विचारा की,” काकूंनी सुचवलं.

“तिला कशाला त्रास?” तो खेकसला. तिला फोन केला की संपलंच सगळं. त्यापेक्षा स्क्रीनच उलटा टांगलाय, असं त्याने स्वतःला पटवलं. स्वयंपाक्याला हाताशी धरून अवजड स्क्रीन उतरवला, वरची बाजू खाली करून पुन्हा टांगला. बोट चेमटलं. मेनू झोपलेलाच, फक्त डोकं दुसरीकडे.

जेवायला माणसं येऊ लागली होती. शेवटी झक मारत त्याने फोन लावला आणि पहिल्या वाक्यालाच आवाज चढवला, “फाइल कशी दिली आहेस?”

“आडवी. मेनू आधीच फिरवून ठेवलाय त्यात,” ती म्हणाली. “म्हटलं, तुम्ही विसरणारच.”

“मी विसरलो नव्हतो! आल्या आल्या नव्वद केले.”

म्हणजे तिने एकदा फिरवलं, त्याने वर पुन्हा. आता खरं तर त्याची बाजू वर होती, पण त्याला भयंकर वाईट वाटलं. बाईने आपल्याला विचारलंसुद्धा नाही. विचारण्यासारखं आपण काही ठेवलंही नव्हतं म्हणा.

“उभी फाइल पाठवते,” ती हळूच म्हणाली. “चुकलं माझं.”

फाइल आली. मोबाइलवरून प्लेअरमध्ये चढवून तो ऐटीत बाजूला झाला. मेनू काठोकाठ भरला, वरपासून खालपर्यंत. आणि पूर्ण उलटा.

काकूंनी कपाळावर हात मारला. त्याच्या लक्षात आलं: मघाशी स्क्रीन आपणच उलटवला, आता नव्वद चालणार नाहीत.

“सरळ दिसतोय ना?” फोनमधून तिने विचारलं.

‘हो’ म्हणून फोन ठेवता आला असता. बोटाने दाबायला एक सेटिंग उरली होती, तिला कळलंही नसतं.

“उलटा दिसतोय,” तो म्हणाला. “घाईत स्क्रीन फिरवून टांगला मी. दोनशे सत्तर करतोय. फोन ठेवू नकोस.”

“नाही ठेवत,” ती म्हणाली. “सावकाश करा.”