समुद्राची मुदत

दर मे महिन्यात तुम्ही नातवंडं लातूरला येता आणि आपण चार दिवस सगळे मिळून कुठेतरी जातो. या सहलीसाठी मी बँकेत बारा महिन्यांची आवर्ती ठेव चालवते. महिन्याला थोडी रक्कम जाते, वर्षाने व्याजासकट हातात येते. नियम एकच, सहल उसन्या पैशावर करायची नाही.

एका वर्षी तुम्हाला कोकणातला समुद्र कबूल केला होता. मार्चच्या सुरुवातीला खोलीवाल्याचा फोन आला, "निम्मे पैसे आगाऊ पाठवा, नाहीतर खोली दुसऱ्याला देतो." त्याच आठवड्यात रेल्वेची तिकिटंही काढायची होती. आणि माझी ठेव सुटणार होती एक एप्रिलला.

तुमचे आजोबा दुकानाच्या गल्ल्यावरून उठून जेवायला आले होते. त्यांनी शांतपणे भाकरी मोडली.

"एक एप्रिलच का गं?"

"नवं आर्थिक वर्ष त्या दिवशी सुरू होतं."

"हाव. पण समुद्राला कुठं ठावं हाय ते?"

मी त्यांना वरण वाढलं. ते म्हणाले, "दुकानाच्या गल्ल्यातून घे. महिन्याने परत टाक."

"अहो, ते उसनंच झालं."

"घरच्या घरी कसलं उसनं?"

"मग ठेव महिनाभर आधी मोडू का?"

"मोड की."

"व्याज कमी होईल."

"मग समुद्र कमी होऊ दे," म्हणत त्यांनी ठेचा पुढे ओढला.

मी ठेव मोडली नाही आणि गल्ल्यालाही हात लावला नाही. खोली गेली, तिकिटंही गेली. तुम्हाला फोनवर सांगताना मात्र माझा आवाज जरा बारीकच झाला होता. एप्रिलमध्ये पैसे आले तेव्हा हैदराबादच्या बसची तिकिटं सहज मिळाली. मे महिन्यात तिथल्या हुसेनसागर तलावाच्या काठावर उभं राहून धाकट्याने विचारलं, "आजी, लाटा कुठे आहेत?"

माझ्या आधी आजोबाच बोलले, "लाटा पुढच्या मुदतीला येणार हायत. आजीच्या बँकेत जमा हायत."

बिर्याणी खाताना तुम्ही मला माफ केलं असावं, कारण मोठीने दुसऱ्यांदा मागून घेतली.

परत आल्यावर नवी ठेव उघडली, या वेळी नऊ महिन्यांची, म्हणजे पैसे फेब्रुवारीतच हातात. महिने कमी झाले तसा हप्ता वाढला. वाढलेली रक्कम मी आजोबांच्या रोजच्या जिलेबीतून काढली.

पुढच्या मे महिन्यात खरा समुद्र आला. तुम्ही पाण्यात शिरलात. आजोबा वाळूत बसून लाटांकडे बघत होते.

"कशा आहेत?" मी विचारलं.

"चांगल्या हायत," ते म्हणाले. "जिलेबीच्या मानाने जरा खारट."