थ्रीडीच्या दारातल्या मथुराकाकी

आमच्या रत्नागिरीच्या थिएटरात थ्रीडी सिनेमा लागला की माझा चहा दुप्पट खपतो. मध्यंतरात निम्मी माणसं कपाळ चोळत बाहेर येतात आणि माझ्या कॅन्टीनसमोर उभी राहतात. मला त्याचं वाईट वाटायचं काही कारण नाही. देव एकेकाचं पोट एकेका मार्गानं भरतो. पण मथुराकाकी माझ्या धंद्याच्या मुळावर उठलेल्या.

काकींचं काम काय, तर हॉलच्या दारात टेबल टाकून बसायचं, आत जाणाऱ्याला थ्रीडीचा चष्मा द्यायचा, बाहेर येताना परत घ्यायचा आणि धुऊन-पुसून ठेवायचा. एवढंच. पण काकींचं तोंड एवढ्यावर कुठलं थांबायला? टेबल तिकीट खिडकीला लागून, त्यामुळे रांगेतला माणूस खिडकीतल्या पोराला विचारायच्या आधी काकींना विचारतो, "काकी, थ्रीडी घेऊ की साधं?"

"कसला सिनेमा हाय?" असं त्या उलट विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता निकाल द्यायच्या. "यात माणसं नुसती सोफ्यावर बसून भांडतायत. ती काय अंगावर येणार? साधं घ्या. समुद्राखालचा नायतर आकाशातला असला, मुळापासून थ्रीडीसाठी बनवलेला असला, तर घाला जास्तीचे पैसे. साधाच काढून मागाहून घाईघाईत थ्रीडी केलेल्यात काय राम नसतो."

पुढच्या रांगेचं तिकीट मागणाऱ्याला त्या हाकलायच्याच. "मधल्या खुर्च्या घ्या, जरा मागच्या. नायतर चहा प्यायला लागेल सर्वेशचा." सर्वेश म्हणजे मी. एकदा एक नवं जोडपं आलं. काकींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खांद्यावर डोकं ठेवून बघणार असाल तर साधं घ्या. मान वाकडी झाली की दोन डोळ्यांची दोन चित्रं वरखाली होतात, मग डोकं धरतं." पोरगी लाजून लाल झाली. तिकिटं त्यांनी साधी घेतली.

मालक चिडायचे. मी तर चिडायचोच. पण काकींनी "घ्या" म्हटलेल्या सिनेमाला थ्रीडीचा हॉल भरायचा, त्यामुळे मालक नुसतेच पुटपुटायचे.

ही विद्या त्यांना आली कुठून? थोडी संदेशकडून. संदेश आमचा ऑपरेटर, प्रोजेक्टरच्या खोलीतला. चहाला आला की त्याला बोलायला माणूस लागतं. त्यानं एकदा काउंटरवर दोन बशा मांडून आम्हाला समजावलं होतं. आपले दोन डोळे दोन जागी, म्हणून एकच वस्तू दोघांना किंचित वेगळी दिसते आणि मेंदू त्या फरकावरून लांब-जवळ ओळखतो. सिनेमावाले तोच फरक विकतात. प्रोजेक्टर डाव्याचं चित्र, उजव्याचं चित्र, असं आलटून पालटून इतक्या भराभर टाकतो की आपल्याला कळतसुद्धा नाही. दोन्हींच्या उजेडाची ठेवण, म्हणजे त्याच्या लाटांची दिशा, वेगळी असते आणि चष्म्याची प्रत्येक काच आपापलंच चित्र आत सोडते. ती ठेवण मोडू नये म्हणून पडदा चंदेरी. काचा उजेड खातात, म्हणून चित्र जरा अंधारं.

"आणि डोकं कशानं दुखतं?" मी विचारलं होतं. धंद्याचा प्रश्न होता.

"मासा तुझ्या नाकासमोर आलाय असं वाटलं की डोळे आत वळतात, जवळचं बघायला वळतात तसे," संदेश म्हणाला. "पण चित्र तर लांब पडद्यावरच आहे, तेव्हा नजर साफ ठेवायची ती तिथेच. रोज ही दोन कामं जोडीनं चालतात. इथं एक बैल जवळ ओढतो, दुसरा लांब. ज्यांना चष्म्याचा नंबर आहे आणि लावत नाहीत, त्यांचे तर हालच."

बाकीची विद्या काकींची स्वतःची. सिनेमा सुरू झाला की त्या दारात उभ्या राहायच्या आणि पडद्याकडे न बघता माणसांकडे बघायच्या. हात वर उठले, माना मागे गेल्या, तर सिनेमा पैशाच्या लायकीचा. लोक चष्मा काढून डोळे चोळायला लागले, तर दुसऱ्या दिवशी रांगेत "साधं घ्या". मी म्हणायचो, "काकी, स्वतः बघा की जरा." तर म्हणायच्या, "दारात उभं राहून काय दिसणार? मधे बसायला लागतं." मला ते पटलेलं होतं. पटू नये असं त्यात काही नव्हतं.

मे महिन्यात काकींची नात आली, दाभोळहून. संस्कृती तिचं नाव, पहिलीतून दुसरीत जाणारी. मुलगा मुंबईला नोकरीला, सून दीपाली आणि नात दाभोळला. समुद्राखालचा थ्रीडी कार्टून सिनेमा लागलेला. काकींनी आठवडाभर आधीच "घ्या" जाहीर केलं होतं. नातीला त्यांनी अगदी मधली खुर्ची दिली आणि माझ्याकडून पॉपकॉर्न उकळले. पैसे दिले नाहीत.

सिनेमा सुरू झाला, माशांचा थवा बाहेर आला आणि हॉलमधल्या पोरांचे हात वर गेले. मी दारातून काकींच्या मागे उभा राहून बघत होतो. सगळ्या पोरांचे हात वर, आणि संस्कृती शांतपणे पॉपकॉर्न खातेय.

मध्यंतरात काकींनी तिला कॅन्टीनच्या काउंटरवर बसवलं. "काय गो, मासा अंगावर आला की नाय?"

"कुठे? तो तर पडद्यावरच होता," संस्कृती म्हणाली.

काकी हसल्या. "माझ्यावर गेलीय. मला पण अंगावर नाय येत."

चहा पीत असलेला संदेश थांबला. "मला पण म्हणजे? तुम्हाला कधीच नाही?"

"दारात उभी असते म्हणून."

"दारातूनसुद्धा येतं, काकी. थोडं कमी येईल, पण येतं." मग तो संस्कृतीकडे वळला. "बाळा, एक डोळा झाकून काकाचा बोर्ड वाच बघू."

माझा बोर्ड म्हणजे फणसाएवढ्या अक्षरांत रंगवलेला. काकींनी तळहातानं तिचा डावा डोळा झाकला. पोरीनं घडाघडा वाचलं: वडापाव, समोसा, कोकम सरबत. मग काकींनी उजवा झाकला. संस्कृतीनं आजीचा हात झटकला. परत झाकला, परत झटकला, आणि तिसऱ्यांदा ती रडायलाच लागली. "काढ ना! मला दिसत नाही!"

मग काकींनी सावकाश स्वतःचा उजवा डोळा झाकला आणि माझ्या बोर्डाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डावा सगळ्यांचाच असा असतो ना?" त्यांनी मला विचारलं. "डावा हात नाय का अडाणी असतो, तसा? मी समजत होते, तो नुसता मदतीला असतो."

साठीला आलेली बाई, सगळ्या गावाला चष्मे वाटणारी, आणि तिला आयुष्यात कोणी हे विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, कोणाचा ते कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी काकी नातीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डाव्या डोळ्याला मोठा नंबर निघाला, उजवा स्वच्छ. बाहेरून डोळे सरळ, सुंदर, त्यामुळे कोणाला शंका येण्यासारखं काही नव्हतं. शाळेतली तपासणी तिनं बोटांच्या फटीतून बघून पार केली होती. डाव्याकडून धूसर चित्र येतं म्हणून मेंदूनं त्याचं ऐकणंच सोडलंय, डॉक्टर म्हणाले. दोन चित्रांतलं एकच घेतो, मग मासा पडद्यावरच राहणार. वय लहान आहे, चष्मा लावा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. उशीर केलात तर अवघड.

"आणि माझा?" काकींनी विचारलं.

"तुमचा आता फारसा नाही सुधारायचा, आजी."

"मग राहू दे. हिचं बघा."

खरी लढाई पुढेच होती. दीपाली दाभोळहून आली ती रडत. एवढीशी पोर, चष्मा, वर पट्टी, लोक नावं ठेवतील. काकी सुनेला कधी वर आवाजात बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. "लोकांनी मला कधी नावं ठेवली नाय. कारण मला दिसत नाय हे मलाच ठाऊक नव्हतं. तसं चालेल तुला?" दीपाली दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन चष्म्याची फ्रेम घेऊन आली. गुलाबी.

पण संस्कृती काही आईसारखी ऐकणारी नव्हती. चांगला डोळा झाकून धूसर जगात फिरायचं कोणाला आवडेल? पट्टी लावली की दोन मिनिटांत ओढून काढायची. मग काकींनी स्वतःच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावली. "आता दोघी सारख्या. कोण आधी काढतं बघू." पट्टी लावून त्या तांदूळ निवडायला बसायच्या आणि खडे ठेवून तांदूळ फेकायच्या. एकदा मला घरी बोलावून चहा पाजला, त्यात साखरेऐवजी मीठ. मी निमूट प्यायलो. संस्कृती इतकी हसली की पट्टी काढायचं विसरली.

शाळा सुरू झाल्यावर सुट्टीच्या दिवशी काकी एसटीनं दाभोळला जाऊ लागल्या, पट्टी पर्समध्ये घेऊन. गणपती गेले, दिवाळी गेली. डॉक्टर म्हणत, नजर वाढतेय. दोन्ही डोळे एकत्र काम करतील का, ते सांगता येत नाही. होतं कधी, कधी नाही होत. काकींना झोप लागायची नाही ती या शेवटच्या वाक्यानं. मधे दोन थ्रीडी सिनेमे आले नि गेले. काकींनी नातीला बोलावलं नाही. "हे कामाचे नाय. ह्यांत कोणालाच काय दिसत नाय, तिला काय दिसणार?"

नाताळच्या सुट्टीत जंगल, धबधबे, पाखरं असलेला एक कार्टून सिनेमा लागला. पहिल्याच खेळाला सगळ्या हॉलचे हात वर गेले आणि काकींनी दाभोळला फोन लावला.

संस्कृती गुलाबी चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवून मधल्या खुर्चीत बसली. शेजारी दीपाली. काकी दारात, त्यांच्या मागे मी. चहाचं भांडं गॅसवर तसंच सोडून आलो होतो. पाखरांचा थवा उडाला, पोरांचे हात वर गेले. संस्कृतीचा गेला नाही. काकींनी दाराची चौकट घट्ट धरली. मग एक पाखरू सगळ्यांपुढे झेपावलं आणि संस्कृतीनं झटकन मान मागे घेतली, इतक्या जोरात की खुर्चीच्या पाठीवर डोकं आपटलं.

काकी तिथंच खाली बसल्या, पायरीवर. रडत होत्या आणि हसतही होत्या. माझेही डोळे भरले, ते मी लपवलं नाही.

मध्यंतरात पोरगी धावत आली. "आजी, पाखरू होतं ना, ते इकडे होतं! आणि झाड तिकडे, मागे!" तिनं दोन हात पुढेमागे धरले.

"आणि मधे काय होतं?" काकींनी विचारलं.

संस्कृतीनं दोन्ही हातांच्या मधे बघितलं, जरा विचार केला. "मधे काहीच नव्हतं. मोकळी जागा होती. नुसती मोकळी जागा, आजी, त्यातनं हात जाईल एवढी."

काकींनी तिचे दोन्ही हात तसेच धरून ठेवले, एक पुढे, एक मागे.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "मला नाय दिसत ती. सावकाश सांग, कशी असते."