एक शहात्तरच्या वर नको

इंझोरीच्या इंद्रभानशी त्याचा साहेब मुंबईत वऱ्हाडीत बोलायचा, आणि त्यात प्रेम अजिबात नव्हतं. साहेब म्हणजे माणिकराव, रिसोडचे. बँकेच्या परकीय चलन विभागात ते मुख्य डीलर होते. बाकी सगळ्यांशी त्यांचं इंग्रजी कसं इस्त्री केलेलं! इंद्रभान समोर आला की मात्र, "काहून रे, तुले काय कयते त्यातलं?" चार माणसांत तू-तुले केलं की माणूस जागच्या जागी लहान होतो, हे माणिकरावांना पक्कं ठाऊक होतं.

इंद्रभान लहान होणाऱ्यांतला नव्हता. त्याचा बाप ग्यानबा दुसऱ्यांच्या शेतात राबला. छप्पन साली घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हा इंद्रभान अकरा वर्षांचा होता. शिकला, अकोल्याच्या शाखेत कारकून म्हणून चिकटला, खात्याच्या परीक्षा एकामागून एक मारल्या आणि अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या त्या खोलीत खुर्ची मिळवली. "राखीवमधून आला," असं माणिकराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. परीक्षेत तो पहिला आला होता, हे सांगायचं ते दरवेळी विसरत. या माणसाची विसरभोळी वृत्ती मोठी सोयीची होती.

रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी बँकांना चलनाची दिवसाची खरेदी-विक्री करायला मोकळीक दिली होती. संध्याकाळी व्यवहार जवळपास मिटवायचे, थोडीशी बाकी पुढे ठेवली तर चाले. खोलीत टेलेक्सची तारयंत्रं खडखडत, लंडनहून भाव येत. त्या वर्षी डॉलरची पार दैना झाली होती आणि जर्मन मार्क चढत होता. त्या बाकीत माणिकरावांनी पाच लाख डॉलर एक मार्क पंच्याहत्तर फेनिगने (शंभर फेनिगचा एक मार्क) विकून मार्क घेऊन ठेवले होते. डॉलर जितका पडेल तितका बँकेचा फायदा, चढला तर तोटा. हिशेब एवढा सरळ होता.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी डॉलर एक त्र्याहत्तरला होता. डॉलरमागे दोन फेनिग सुटत होते. इंद्रभानने सकाळीच सांगितलं, "साहेब, आज बाजारभावाने मिटवून टाका. मिळेल त्या भावाने डॉलर घ्या अन् मोकळे व्हा. बाजार आत्ता भरलेला आहे, फार तर अर्धा फेनिग इकडेतिकडे होईल. सुट्टीत आपण इथे नसणार, लंडन मात्र चालू राहील."

"फायदा रस्त्यावर टाकून देऊ का?" माणिकराव म्हणाले. "डॉलर एक सत्तरले येते पाहाय. मर्यादेची ऑर्डर लाव. एक सत्तर किंवा त्याच्या खाली मिळाला तरच घ्यायचा."

हे काही चूक नव्हतं. मर्यादेच्या ऑर्डरीत माणिकरावांचा हात खरंच बसलेला होता. शांत बाजारात आपला भाव सांगून गप्प बसावं, आला तर घ्यावा, नाही आला तर सोडून द्यावा, असं करून त्यांनी वर्षभर बँकेला थोडं थोडं कमावून दिलं होतं. इंद्रभान ते मान्य करायचा. पण मर्यादा फायदा पकडते, तोटा अडवत नाही. डॉलर उलटा फिरला तर एक सत्तरची ऑर्डर खाली नुसती बसून राहणार.

"मग वर स्टॉप लावा," इंद्रभान म्हणाला. "एक शहात्तरला भाव लागला की लंडनने मिळेल त्या भावाने डॉलर घ्यायचे. दोन्हीपैकी एक ऑर्डर झाली की दुसरी रद्द."

माणिकराव हो म्हणाले. इंद्रभानने ऑर्डरचा कागद लिहिला, खाली आद्याक्षरं केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

कागद टेलेक्सवर गेला तेव्हा त्यात एक ओळ वाढलेली होती. स्टॉपच्या पुढे माणिकरावांनी निळ्या शाईने लिहिलं होतं: 'मर्यादा एक शहात्तर. त्यावर घेऊ नये.' टेलेक्सवरच्या अन्सारने, तोही रिसोडचाच, जसंच्या तसं पाठवलं आणि संध्याकाळी इंद्रभानला कागद दाखवला. माणिकराव तोवर विदर्भाच्या गाडीत बसले होते.

इंद्रभानचं डोकं फिरलं. "अरे, हे काय करून ठेवलं या माणसानं!"

"काहून? स्वस्तात घ्या म्हनलं, त्यात वाईट काय झालं?" अन्सारने विचारलं.

"आग लागल्यावर माणूस दारातून बाहेर पडते ना? यानं सांगतलं, दार एवढंच उघडा, त्याच्यापेक्षा जास्त नाही. भाव हळूहळू चढला तर एक शहात्तरले डॉलर भेटतीन. पण उडी मारून वर गेला, तर स्टॉप जागा होईन अन् मर्यादा त्याचे हात बांधून ठेवीन. एक डॉलर भेटनार नाही."

त्याची स्वतःची सही एक लाख डॉलरपर्यंतच चाले. पाच लाखांची ऑर्डर बदलायची तर माणिकरावांचा होकार हवा, आणि माणिकराव गाडीत होते; बाजार शांत असताना एवढ्यासाठी ते आपली ओळ खोडणारही नव्हते. सुट्टीत टेलेक्सजवळ कोणाला बसवायचं हे मात्र ते ठरवूनच गेले होते. "तुमची कायची दिवाळी? तू अन् अन्सार बसा," असं सगळ्यांदेखत सांगून गेले होते. लोक हसले होते. 

पाडव्याच्या संध्याकाळी साडेसातला यंत्र अचानक जागं झालं. अमेरिकेने डॉलर सावरायला जंगी उपाय जाहीर केले होते. व्याजदर वाढवला, दुसऱ्या देशांकडून चलन उभं करून डॉलर विकत घ्यायचं ठरवलं. जे सगळे महिनाभर डॉलर विकत होते ते एकदम घ्यायला धावले. लंडनचा संदेश आला: तुमचा स्टॉप लागला, पण बाजार तुमच्या मर्यादेच्या वर आहे, काहीही झालेलं नाही, भाव एक एकोणऐंशी आणि चढता आहे, काय करू?

एक पंच्याहत्तरच्या खालून भावाने थेट उडी घेतली होती. एक शहात्तरला डॉलर विकायला उभा राहीलच कोण?

इंद्रभानने रिसोडला माणिकरावांच्या घरी तातडीचा ट्रंक कॉल लावला. वीस मिनिटांनी लागला. पलीकडे कोणीतरी बाई होती.

"साहेबाले द्या. बँकेतून बोलून राह्यलो. लई अर्जंट हाये."

मागे माणसांचं हसणं ऐकू येत होतं. मग तिचाच आवाज आला, "ते पाहुन्यांत बसले हायेत. म्हनतात, त्या इंद्रभानले सांगा, सुट्टीत मले त्रास देऊ नको. परवा पाहू." आणि फोन ठेवला गेला.

अन्सार त्याच्याकडे बघत होता. "आता?"

आता काय? अधिकार नाही, साहेब नाही. आत्ता डॉलर घेतले आणि उद्या भाव पडला तर अधिकाराबाहेर जाऊन बँकेचा तोटा केला म्हणून नोकरी जाईल. काही न करता बसला आणि भाव चढला तर तोटा बँकेचा, आणि कागदावर आद्याक्षरं त्याचीच. माणिकरावांनी शाईची ओळ लिहिली, सही केली नाही.  पण तो भ्याला असला तरी त्याला दिसत होतं ते दिसतच होतं. नवी मर्यादा लावून वाट पाहावी असा हा बाजार नव्हता. बिनमर्यादेचा स्टॉप लावायची वेळ दोन दिवसांमागे होती, ती गेली. आत्ता भावाकडे पाहायचं नव्हतं, आत्ता बाहेर पडायचं होतं.

"लिहा," तो म्हणाला. "आधीच्या दोन्ही ऑर्डरी रद्द. पाच लाख डॉलर बाजारभावाने घ्या, ताबडतोब. खाली माझं पूर्ण नाव टाका."

"भाऊ, इचार कर."

"केला."

अन्सारने बोटं चालवली. सहा मिनिटांनी उत्तर आलं: झालं, एक ऐंशी. डॉलरमागे पाच फेनिगचा तोटा, म्हणजे एकूण पंचवीस हजार मार्क. 

सुट्टी संपून बँक उघडली तेव्हा डॉलर एक सत्त्याऐंशीला होता. हात बांधून बसले असते तर साठ हजार मार्क गेले असते. या माणसाला कोणीतरी चहा तरी पाजायला हवा होता. त्याऐवजी त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली: अधिकार नसताना पाच लाख डॉलरची ऑर्डर दिली, खुलासा करा.

दुपारी माणिकरावांनी दार लावून घेतलं. पहिल्यांदाच त्यांनी त्याला बसायला सांगितलं.

"हे पाहाय इंद्रभान. त्या रात्री तुया फोन लागला होता. ट्रंक कॉलची नोंद हाये, तीन मिन्टाची. तू एवढंच लिव्ह की साहेबानं फोनवर होकार देल्ला, अन् ऑर्डर मी पाठवली. मी मान डोलावतो. तुई खुर्ची राहाते."

"अन् निळ्या शाईची ओळ?"

"ती कोन पाहाते? कागदावर आद्याक्षरं तुयी हायेत."

म्हणजे शहाणपणाची ऑर्डर साहेबांची आणि गाढवपणाची मर्यादा इंद्रभानची. वर ही मेहेरबानी म्हणायची! इंद्रभानच्या कानशिलात रक्त चढलं. त्याला आई केशरबाई आठवली, बायको विमल आठवली, दोन पोरं आठवली. खुर्ची त्याला हवी होती, फार हवी होती. त्या खोलीत बसणारा त्याच्या गावातला, त्याच्या वस्तीतला तो पहिलाच होता. एक खोटी ओळ लिहिली की ती राहणार होती.

त्याने तिथेच, माणिकरावांच्या टेबलावर, त्यांच्यासमोर खुलासा लिहिला. 'बाजारभावाची ऑर्डर मी स्वतः दिली. मला तसा अधिकार नव्हता. स्टॉपला मर्यादा मी घातली नाही, ती मुख्य डीलरांच्या अक्षरात आहे, मूळ कागद टेलेक्स विभागात आहे. मी फोन केला तेव्हा मुख्य डीलर बोलायला आले नाहीत.' खाली लिहिलं, इंद्रभान ग्यानबा, मुक्काम इंझोरी.

माणिकरावांनी वाचलं. त्यांचा चेहरा काळवंडला. "मूर्खा, तुले मालेगावच्या शाखेत नोटा मोजत बसवीन."

आणि तसंच झालं. मूळ कागद सापडला, अन्सारने तो कपाटात कुलूप लावून ठेवला होता. निळी ओळ सगळ्यांनी पाहिली. माणिकरावांना लेखी समज मिळाली आणि ते त्याच खुर्चीवर राहिले. इंद्रभानने अधिकार ओलांडला होता हे खरंच होतं, म्हणून त्याची बदली झाली. पंधरा दिवसांनी तो ट्रंक घेऊन निघाला तेव्हा माणिकराव दारात उभे होते.

"मंग? काय भेटलं तुले?"

"तुमी काहून इचारता?" इंद्रभान म्हणाला. "पयल्यांदाच या खोलीत तुमची चूक तुमच्या नावावर राह्यली."

 उत्तरासाठी इंद्रभान थांबला नाही. मालेगावच्या शाखेत त्याने पुढे चोवीस वर्षं नोटा मोजल्या, आणि परत कधीही कोणी त्याला डॉलरचा भाव विचारला नाही.