दुसऱ्या गावचा पाऊस

ठेकेदार मंडळी त्यांना पाठीमागे ‘मिलिमीटरकाका’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि शाळा, दवाखाने, सोसायट्यांसाठी पावसाचं पाणी साठवण्याचे आराखडे करून द्यायला सुरुवात केली. सून स्थापत्य अभियंता. नोकरी सोडून ती त्यांच्या हाताखाली आली, तेव्हा त्यांनी तिला पहिल्याच दिवशी एका गोदामाच्या छपराखाली उभं केलं होतं.

“उतरतं छप्पर आहे. क्षेत्रफळ कुठलं धरशील?”

“पत्र्याचं.”

“चुकलीस. पाऊस वरून पडतो. त्याला पत्र्याचा उतार दिसत नाही. जमिनीवर सावली केवढी पडेल, तेवढंच धरायचं.”

त्यांचं शिकवणं असं होतं. रागवायचे नाहीत, पण चूक सोडायचे नाहीत. तिला स्वतःचे वडील फारसे लाभले नव्हते. “बाबा” म्हणताना आपण सासऱ्यांना म्हणतोय असं तिला कधी वाटलं नाही.

गावातल्या एका शाळेचं काम आलं तेव्हा ती दुसऱ्या कामात अडकली होती, म्हणून हिशेबाची नोट त्यांनी एकट्याने केली. छप्पर सहाशे चौरस मीटर. पत्र्यावरून पन्हळीत येताना थोडं वाया जाणार, म्हणून शंभरातले पंच्याऐंशी धरलेले. पहिल्या सरीचं घाण पाणी बाजूला काढायची सोय. स्वच्छतागृहांना आणि झाडांना मिळून रोज तीन हजार लिटर. सगळं नेहमीसारखं नेटकं. तिने वरवर चाळून टाइप केली आणि पाठवून दिली.

पंधरवड्याने मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. “अहो, ठेकेदाराने चुन्याने आखणी केलीय. टाकी आहे की तलाव? मुलांनी खेळायचं कुठे?”

ती जाऊन बघून आली. पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, तीन मीटर खोल. साडेचार लाख लिटर. घरी येऊन तिने नोट पुन्हा काढली. आकडेमोड बिनचूक होती. वर्षाचा पाऊस चोवीसशे मिलिमीटर धरला, तर छपरावरून बारा लाख लिटरच्या वर पाणी येत होतं आणि एवढी टाकी सहज भरत होती. तिची नजर त्या चोवीसशेवर अडली. या गावात सातशे पडला तरी लोक म्हणतात, यंदा बरा झाला.

महिन्यामहिन्याचा तक्ता सोबत होता. एका महिन्यात तर आठशे दहा. हे आकडे कुठून आले, हेच तिला कळेना. वेधशाळेच्या गेल्या वीस वर्षांच्या नोंदी तिच्याकडे होत्याच, त्यांत यांतला एकही आकडा नव्हता.

शनिवारी नवरा कामाच्या गावाहून घरी आला. तिने काही न सांगता तो कागद त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं आणि तो तसाच खुर्चीत बसला.

“हा डोंगरातल्या धरणावरचा पाऊस आहे,” तो म्हणाला. “बाबांची नेमणूक तिथे होती, मी तिथलाच जन्मलेला. आई सांगायची, ‘आठशे दहाच्या महिन्यात तुझं एक दुपटं वाळलं नाही.’ आमच्या घरात हा आकडा पाढ्यासारखा होता.”

“पण बाबांनी तो इथे का लिहिला?”

दोघांनाही उत्तर कळलं होतं. गेल्या काही महिन्यांत बाबांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता, शेजाऱ्यांना दोनदा एकच गोष्ट सांगितली होती, आणि वय झालं म्हणून सगळे हसले होते. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या जिवंत होत्या, तरुण होत्या, तेव्हाचा तो डोंगरातला पाऊस बाबांच्या डोक्यात कोसळत होता, आणि तोच त्यांनी खात्रीने उतरवून दिला होता.

तिने नोट नव्याने केली. सातशे मिलिमीटरने छपरावरून साडेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी. त्यातलं दोन लाखांच्या वर पावसाच्या दिवसांतच वापरून संपणार. उरणार दीड लाख. म्हणजे जुनी टाकी चांगल्या वर्षीही जेमतेम तिसरा हिस्सा भरली असती. तिने टाकी दीड लाखाची केली आणि त्याच हिशेबाने, टाकी भरल्यावर जादा पाणी बाहेर सोडणारे ओव्हरफ्लोचे दोन पाइप होते, त्यांतला एक काढला.

शाळेत जायच्या आधी त्यांना सांगणं भाग होतं. तिने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“बाबा, पाऊस तपासाल का एकदा?”

त्यांनी बोटाने ओळ धरून वाचलं. मग दुसरा कागद. पुन्हा पहिला. त्यांचे कान लाल झाले होते.

“हे अक्षर माझं आहे.”

“हो.”

“मी हे शाळेला दिलं?”

“टाइप मी केलं, बाबा. मीही पाहायला हवं होतं.”

“तू मध्ये पडू नकोस,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “मला आत्ताही विचारशील, तर तोंडात चोवीसशेच येतं. इथला आठवायला जातो आणि समोर काहीच नसतं.”

ती रडेल असं वाटून त्यांनीच कागद पुढे ओढला. तिची नोट शेवटपर्यंत वाचली आणि पेन्सिल टेकवली.

“दुसरा पाइप का काढलास?”

“टाकी लहान झाली, पाऊसही कमी.”

“वर्षाचा पाऊस कमी. तासाचा नाही. एका संध्याकाळी तासाला पंच्याहत्तरच्या वेगाने कोसळला, तर सेकंदाला साडेबारा लिटर येईल. टाकी लहान, म्हणजे आधीच भरलेली असेल. ते सगळं बाहेर पडायला वाट लागेल. नाहीतर बालवाडीच्या भिंतीत शिरेल. दोन्ही पाइप ठेव आणि शोषखड्डा पायापासून लांब घे.”

तिने पाइप परत घातला. ते बरोबर होते, आणि त्यानेच तिला जास्त भडभडून आलं.

खाली नाव लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. “माझं नको. यापुढे कशावरच नको.”

शाळेची टाकी बांधून झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी चूक पोटात घातली, गावभर केली नाही. त्यानंतरची कामं ती एकटीच करू लागली. ते मात्र रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी येऊन बसत. “काम नाही का?” विचारत. तिला नाही म्हणवेना. जुन्या गोदामाच्या मोजमापांचा कागद ती त्यांच्यापुढे सरकवायची. ते तासभर मन लावून हिशेब करत, खूश होत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कागद.

एकदा अर्ध्यावर पेन्सिल थांबली. “हे मी आधी केलंय का गं?”

“हो, बाबा.”

“मग परत का देतेस?” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “पोराला खेळणं देतात तसं देऊ नकोस मला.”

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना स्कूटरवर मागे बसवून खऱ्या कामावर नेलं. टेपचं शून्याचं टोक भिंतीशी धरायला दिलं. ते त्यांनी वर्षभर नीट धरलं. ओणवं व्हायचं, टोक घट्ट दाबायचं आणि “घे” म्हणायचं. आकडा तिने वाचायचा.

मग एका सकाळी एका दवाखान्याच्या आवारात तिने टेप ओढला, तर टोक सुटून आलं. ते भिंतीशीच उभे होते, रिकाम्या हाताकडे बघत.

“बाबा, टोक धरा ना.”

“कशाचं?” त्यांनी अगदी सौजन्याने विचारलं, जसं अनोळखी बाईंना विचारावं.

तिने टेप गुंडाळला. त्या दिवशीचं मोजमाप तसंच राहिलं. त्यांचा हात धरून ती त्यांना घरी घेऊन आली.